रक्त कुठल्या दिशेनं चाललंय, हे इकोच्या मशीनला कसं कळतं?

टू-डी इको करताना डॉक्टर एक बटण दाबतात आणि हृदयाच्या करड्या चित्रात लाल-निळे लोट उसळू लागतात. शेजारी उभ्या नातेवाइकांना वाटतं, लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळं म्हणजे अशुद्ध. तसं नसतं. मशीनला रक्तातल्या प्राणवायूचा पत्ताही नसतो. नेहमीच्या संकेताप्रमाणे लाल म्हणजे प्रोबकडे येणारं रक्त आणि निळं म्हणजे प्रोबपासून दूर जाणारं. डाव्या जवनिकेत भरणारं रक्त आणि तिच्यातून महाधमनीकडे निघालेलं रक्त, दोन्ही तितकीच शुद्ध. तरी हृदयाच्या टोकापाशी प्रोब धरला की पहिलं लाल दिसतं आणि दुसरं निळं.

प्रोबकडे परत येतो तो फक्त एक क्षीण प्रतिध्वनी, म्हणजे मशीनच्या दृष्टीनं वरखाली होणारं विजेचं एक स्पंदन. त्या एका तारेवरून दिशा ओळखायची, हाच खरा पेच आहे.

प्रत्यक्षात वापरतात तसे आकडे घेऊन पाहू. प्रोब २.५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे त्यातून निघणारा ध्वनी सेकंदाला पंचवीस लाख वेळा कंप पावतो. शरीराच्या मऊ भागांत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर धरतात, म्हणून या ध्वनीची एक लहर ०.६१६ मिलिमीटर लांबीची भरते. प्रोब सेकंदाला ५००० वेळा छोटा ठोका सोडतो. दोन ठोक्यांमध्ये २०० मायक्रोसेकंद जातात. दहा सेंटिमीटर खोलीवर जाऊन परतायला ध्वनीला १३० मायक्रोसेकंद लागतात, तेव्हा पुढचा ठोका सुटण्याआधी प्रतिध्वनी आरामात घरी पोचतो.

रक्तपेशींचा एखादा पुंजका प्रोबकडे थोडा सरकला, तर पुढच्या ठोक्याचा प्रतिध्वनी किंचित लवकर येतो. दूर गेला, तर किंचित उशिरा. हे ‘किंचित’ एका लहरीच्याही छोट्या भागाएवढं असतं. म्हणून मशीन वेळ मोजत बसत नाही, लहर आपल्या फेऱ्यात कुठे पोचली आहे ते मोजतं. त्या जागेला फेज म्हणतात आणि ती अंशांत सांगतात: पूर्ण लहर म्हणजे ३६० अंश.

अडचण इथेच आहे. जत्रेतला आकाशपाळणा रात्री अगदी बाजूनं, कडेच्या रेषेतून पाहिला आणि त्याच्या एकाच पाळण्यावर दिवा लावलेला असला, तर तो दिवा नुसता वरखाली होताना दिसतो. पाळणा उजवा फिरतोय की डावा, ते तिथून सांगता येत नाही. समोर येऊन पाहिलं की दिव्याची वरखाली आणि डावी-उजवी अशी दोन्ही मापं मिळतात आणि दिशा लगेच कळते. प्रतिध्वनीचंही एकच माप घेतलं तर दिशा हरवते. दुसरं माप मिळवण्याच्या रीतीला क्वाड्रॅचर डीमॉड्युलेशन म्हणतात आणि त्यातल्या दोन मापांना आय आणि क्यू. आय म्हणजे आपल्या संदर्भ-लहरीच्या पावलाशी पाऊल जुळवून चालणारा भाग. क्यू म्हणजे तिच्यापासून पाव लहर, म्हणजे ९० अंश, सरकलेला भाग.

हे आता करून पाहू. मशीन प्रतिध्वनीचे सेकंदाला एक कोटी नमुने घेतं, म्हणजे २.५ मेगाहर्ट्झच्या प्रत्येक लहरीला बरोबर चार. ही चौपट निवड सोयीची आहे. संदर्भाची कोसाइन लहर त्या चार क्षणी १, ०, −१, ० अशी असते. तिची पाव लहर सरकलेली जोडीदारीण, म्हणजे उलट चिन्हाची साइन लहर, ०, −१, ०, १ अशी. गुणाकार करायचा तर फक्त चिन्ह बदलायचं किंवा शून्य ठेवायचं!

समजा, एका ठरावीक खोलीवरून पहिल्या ठोक्याला ५, ०, −५, ० असे नमुने आले. पुढच्या ठोक्याला त्याच खोलीवरून ३, −४, −३, ४ आले. हे दुसरे नमुने कोसाइनच्या ओळीनं गुणले की ३, ०, ३, ० मिळतात. यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत: एक स्थिर १.५ आणि तिच्यावर अधिक-उणे १.५ असा नाचणारा भाग. दोन लहरींचा गुणाकार केला की नेहमी असंच होतं. फरकाची वारंवारता मिळते, ती इथे शून्य, आणि बेरजेचीही मिळते, ती इथे ५ मेगाहर्ट्झ. आपल्याला हवा तो स्थिर भाग. नाचणारा भाग काढण्याचं काम लो-पास फिल्टर करतो. तो सावकाश बदलणारं पुढे जाऊ देतो आणि भरभर बदलणारं अडवतो. आपल्या छोट्या उदाहरणात चार आकड्यांची सरासरी हाच फिल्टर. सरासरी १.५ येते. गुणाकारात निम्मी ताकद त्या ५ मेगाहर्ट्झच्या भागाकडे गेली होती, म्हणून दुप्पट करायची: आय = ३. दुसऱ्या ओळीनं गुणलं की ०, ४, ०, ४; सरासरी २, दुप्पट करून क्यू = ४.

पहिल्या ठोक्याला हेच केलं तर आय ५ आणि क्यू ० येतात. आलेखावर हे दोन बिंदू मांडा: (५, ०) आणि (३, ४). दोन्ही केंद्रापासून ५ अंतरावर आहेत, म्हणजे प्रतिध्वनीची ताकद तीच राहिली. कोन मात्र शून्यावरून ५३ अंशांवर गेला. फेज पुढे गेली, याचा अर्थ प्रतिध्वनी लवकर आला, म्हणजे रक्त प्रोबकडे सरकलं. ५३ अंश म्हणजे लहरीचा ०.१४८ वा भाग, सुमारे ०.०९१ मिलिमीटर. ध्वनी जाऊन परत येतो, त्यामुळे रक्ताचं सरकणं याच्या निम्मं, ०.०४५ मिलिमीटरच्या आसपास. तेवढं २०० मायक्रोसेकंदात, म्हणजे वेग सेकंदाला साधारण २३ सेंटिमीटर. तो पट्टा लाल.

रक्त तेवढ्याच वेगानं दूर गेलं असतं तर? नमुने ३, ४, −३, −४ आले असते. आय पुन्हा ३ च! फक्त क्यू −४ झाला असता. आयकडे कितीही निरखून पाहिलं तरी दोन्ही रक्तप्रवाह सारखेच दिसतात. लाल की निळं, हे क्यूच्या चिन्हानं ठरतं.

खऱ्या मशीनमध्ये दोनच ठोक्यांवर भिस्त ठेवत नाहीत, कारण प्रतिध्वनीत गोंगाट असतो. एका रेषेवर आठ-दहा ठोके टाकतात आणि लागोपाठच्या जोड्यांमधले कोनबदल एकत्र करून सरासरी कोन काढतात. जपानच्या चिहिरो कासाई आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत १९८५ साली मांडली. हलत्या चित्रावर रक्त जागच्या जागी रंगवता येऊ लागलं ते या हिशेबामुळे. एक काम मात्र या हिशेबाआधी उरकावं लागतं. हृदयाच्या भिंतीही हलतात आणि त्यांचे प्रतिध्वनी रक्ताच्या कितीतरी पट जोरदार असतात. ते सावकाश फिरणारे कोन आधी वेगळे करून काढून टाकावे लागतात, नाहीतर सगळी भिंतच लाल-निळी होईल.

फिल्टरची निवड मला या सगळ्यातली सर्वांत कमी लेखली गेलेली गोष्ट वाटते. वरचं उदाहरण एकसुरी लहरीचं होतं. खरा ठोका आखूड असतो आणि आखूड ठोक्यात एकच सूर मावत नाही. आपल्या ठोक्याचा पट्टा समजा २ ते ३ मेगाहर्ट्झचा आहे. गुणाकारानंतर तो शून्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मेगाहर्ट्झपर्यंत पसरतो. फिल्टर याहून अरुंद ठेवला तर कडेचे सूर कापले जातात, ठोका ताणला जातो आणि जवळजवळच्या दोन थरांतला फरक पुसला जातो. फार रुंद ठेवला तर दुप्पट वारंवारतेचा उरलासुरला अंश, त्याबरोबर बाहेरचा गोंगाटही, आत शिरतो. शिवाय फिल्टरनंतर दर पाच जोड्यांतली एकच ठेवून बाकीच्या टाकता येतात, कारण सावकाश बदलणाऱ्या गोष्टीला एवढे नमुने लागत नाहीत. पण फिल्टर ढिला असेल तर टाकलेल्या नमुन्यांमुळे तो गोंगाट खोटा सूर बनून कामाच्या पट्ट्यात येऊन बसतो आणि मग त्याला बाहेर काढता येत नाही. चौपट नमुन्यांच्या सोयीतही एक मेख आहे. आय सम क्रमांकाच्या नमुन्यांतून येतो आणि क्यू विषम क्रमांकाच्या, म्हणजे दोघं १०० नॅनोसेकंदांनी वेगळ्या क्षणांचे साक्षीदार. नुसती सरासरी इथे पुरत नाही; दोघांना एकाच क्षणावर आणणारा नीट घडवलेला फिल्टर लागतो.

खोलीचाही परिणाम होतो. शरीर उंच सूर जास्त शोषतं, म्हणून खोलवरून येणारा प्रतिध्वनी मुळापेक्षा खालच्या सुरात येतो. २.५ चा ठोका खालून २.३ मेगाहर्ट्झच्या आसपास परतला आणि मशीननं वेगाचा हिशेब २.५ धरूनच केला, तर २३ सेंटिमीटरचा वेग २१ दिसेल. म्हणूनच काही मशीन खोली वाढेल तशी संदर्भ-लहर खाली सरकवत नेतात.

जुन्या मशीनमध्ये हे काम नमुने घेण्याआधी, दोन वेगवेगळ्या विद्युतमंडलांत होत असे. दोघांची ताकद अगदी सारखी ठेवणं आणि मधला कोन बरोबर ९० अंशांचा ठेवणं ही डोकेदुखी होती. क्यूची ताकद १० टक्के कमी पडली की बिंदूचं वर्तुळ चपटं होतं. असं चपटं वर्तुळ म्हणजे एक मोठं वर्तुळ आणि उलट फिरणारं एक छोटं, मोठ्याच्या साधारण एकोणिसाव्या भागाएवढं. पडद्यावर ते उलट दिशेच्या फिकट रक्तप्रवाहासारखं उमटतं, जो शरीरात नसतोच. आधी नमुने घेऊन मग गुणलं की दोन्ही शाखा एकाच आकड्यांवर चालतात आणि ही तफावत उरत नाही. आजच्या मशीनवरही असं प्रतिबिंब कधी दिसतं, पण तेव्हा बहुधा गेन फार वाढवलेला असतो किंवा प्रोब रक्ताच्या जवळजवळ काटकोनात धरलेला असतो. गेन उतरवून किंवा कोन बदलून ते जातं का, हे आधी पाहावं.

आय आणि क्यू दोन्ही असूनही एक मर्यादा उरते. दोन ठोक्यांच्या मधे बिंदू १८० अंशांहून जास्त फिरला, तर तो पुढून आला की मागून, हे ठरवता येत नाही. २०० अंश पुढे आणि १६० अंश मागे म्हणजे आलेखावर एकच जागा. आपल्या आकड्यांत ही सीमा सेकंदाला ७७ सेंटिमीटर येते; पडद्याच्या कडेला असलेल्या रंगपट्टीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला लिहिलेला आकडा तोच. निरोगी माणसाच्याही महाधमनीकडे निघालेल्या रक्ताचा वेग मीटरभर असू शकतो, म्हणून निळ्या लोटाच्या मधोमध पिवळा-लाल ठिपका दिसतो. तिथे रक्त उलटं फिरलेलं नसतं. खूण अशी की रंग काळ्या पट्ट्यातून न जाता फिकट निळ्यावरून थेट पिवळ्यावर उडी मारतो. खरोखर दिशा बदलली तर मधे वेग शून्य होतो आणि काळी रेघ दिसते. ठोके वाढवले तर सीमा वाढते, पण मग खोलवरचा प्रतिध्वनी पोचण्याआधीच पुढचा ठोका सुटतो. महाधमनीची झडप फार आखडली असेल तर रक्ताची धार सेकंदाला ४ मीटरच्याही पुढे जाते. ती मोजताना डॉक्टर ठोके बंद करून अखंड ध्वनी सोडतात. तिथेही गुणाकार आणि फिल्टर तोच, आय-क्यूची जोडीही तीच. वेग कितीही मोजता येतो, पण तो त्या रेषेवर नेमका कुठल्या खोलीवरचा, हे मात्र मशीन सांगू शकत नाही.