सुटीनंतर आखडलेले पुठ्ठे

युरोपात गाड्या ओढणारे घोडे रविवारी ठाणबंद असत, चंदी मात्र रोजचीच. सोमवारी कामाला जुंपले की त्यांचे पुठ्ठे आखडत, म्हणून या दुखण्याला ‘सोमवारचा आजार’ म्हणू लागले. आजही चित्र तेच दिसते. काम सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटांत घोडा घामाघूम होतो, पावले आखूड पडतात, पुठ्ठ्याचे स्नायू दगडासारखे लागतात. लघवी कॉफीच्या रंगाची झाली, तर फुटलेल्या स्नायूंतले रंगद्रव्य मूत्रपिंडात उतरते आहे, असे समजावे. अशा घोड्याला ‘मोकळा होईल’ म्हणून फिरवणे हा सर्वांत महागडा सल्ला. त्याला जागीच थांबवावे, पाणी द्यावे आणि डॉक्टरांना बोलवावे. शरीरात पाणी कमी असताना दिलेले वेदनाशामक मूत्रपिंडाला आणखी मारक ठरते.

रक्तात सीके हे एन्झाइम चार ते सहा तासांत शिखर गाठते. एरवी काहीशे असणारा आकडा हजारोंत, कधी लाखावर जातो. एएसटी सावकाश चढते आणि आठवडे रेंगाळते. त्यामुळे सीके उतरलेले आणि एएसटी चढलेले असेल, तर इजा जुनी आहे. दोन्ही चढतीच असतील, तर ती चालूच आहे.

वारंवार आखडणाऱ्या घोड्याच्या चंदीतले ओट व मळी कमी करून ती ऊर्जा हळूहळू वाढवलेल्या वनस्पती तेलातून द्यावी, सोबत ई जीवनसत्त्व. सुटीच्या दिवशी धान्य निम्म्याहून कमी हवे, पण घोडा कुरणात मोकळा फिरला पाहिजे. काही घोड्यांत स्नायूंत साखर साठवण्याचा आनुवंशिक दोष असतो. त्यांच्या बाबतीत नुसता आहार बदलून भागत नाही, रोजचा व्यायामही लागतो.