‘हम’ म्हणजे मी

पुण्याहून पौडला जाताना पिरंगुटच्या पुढे घोटावडे फाटा लागतो. तिथून आत वळलं की भातखाचरांच्या शेजारीच पत्र्याच्या शेड दिसू लागतात. गावाच्या आसपास गोदामं आणि कारखाने वाढले, तसे बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, ओडिशाचे मजूरही इथे राहायला आले. संध्याकाळी किराणा दुकानासमोर उभं राहिलं तर मुळशीतली मराठी कमी आणि भोजपुरी जास्त ऐकू येते. या शेडमध्ये मारामारी झाली आणि प्रकरण पुण्याच्या सत्र न्यायालयात गेलं, तर साक्षीच्या वेळी एक माणूस लागतो. वर्तमानपत्रातल्या बातमीत त्याचा उल्लेखही नसतो. तो म्हणजे दुभाषी.

महाराष्ट्रात जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. साक्षीदाराला ती येत नसेल तर काय करायचं, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 312 मध्ये सांगितलं आहे. जमलं तर साक्ष त्याच्याच भाषेत लिहून घ्यायची. ते जमत नसेल तर साक्ष चालू असतानाच तिचं खरं भाषांतर तयार करायचं आणि त्यावर न्यायाधीशांनी सही करायची. नोंदीत राहतं ते हे भाषांतर, आणि पुढे अपिलात उच्च न्यायालय वाचतं तेही हेच. साक्षीदाराच्या तोंडून निघालेले मूळ शब्द बहुतेक वेळा खोलीतल्या हवेत विरून जातात. दुभाष्याच्या कामाचं सगळं वजन इथे आहे. पण त्याच्यासाठी असलेल्या कलम 317 मध्ये एवढीच अपेक्षा आहे की त्याने खरा अर्थ सांगावा. त्याचं शिक्षण किती असावं, सराव किती असावा, याबद्दल ते कलम काही बोलत नाही. साक्षीदाराप्रमाणे तोही शपथ घेतो आणि पिंजऱ्याशेजारी उभा राहतो.

हे काम जवळून दिसावं म्हणून एक साक्ष रचून पाहू. यातली माणसं कल्पित आहेत, अडचणी मात्र खऱ्या आहेत.

सिवानकडची एक बाई पिंजऱ्यात उभी आहे. शेडमध्ये मुकादमाने तिच्या नवऱ्याला सळईने मारलं. नवरा वाचला, पण त्याचा हात कायमचा अधू झाला. मुकादम समोरच बसलाय. बाईने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलंय. सरकारी वकील विचारतात, काय पाहिलंत? ती खाली बघूनच म्हणते, ‘‘हम देखनी. उ हमरा मरद के मार दिहलस.’’

एवढ्या दोन वाक्यांत दोन खड्डे आहेत. ‘हम’ ऐकलं की मराठी कानाला ‘आम्ही’ वाटतं. भोजपुरीत ‘हम’ म्हणजे मी. अनेकांसाठी ‘हमनी’ असा वेगळा शब्द आहे. दुसरा खड्डा ‘मार दिहलस’चा. याचा अर्थ ‘मारलं’ असा होतो आणि ‘मारून टाकलं’ असाही होतो. नवरा जिवंत आहे, हे कागदपत्रांवरून सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून दुभाष्याला ‘मारहाण केली’ असं स्वच्छ करून सांगायचा मोह होईल. पण ‘मारहाण’ हा पोलिसांच्या कागदातला शब्द आहे, बाईचा नाही. मराठीत नशिबाने तसाच दुहेरी शब्द आहे. चांगला दुभाषी म्हणेल, ‘‘मी पाहिलं. त्याने माझ्या नवऱ्याला मारलं.’’ कशाने मारलं, कुठे मारलं, हे वकिलांनी विचारून काढायचं.

तो ‘मी’ म्हणतो, ‘ती म्हणतेय’ असं म्हणत नाही. स्वतःबद्दल बोलायची वेळ आली तर ‘दुभाष्याला परवानगी असावी’ असं तिऱ्हाईतासारखं बोलतो. नाहीतर नोंद वाचणाऱ्याला कळणार नाही की हा ‘मी’ नक्की कुणाचा.

पुढचा प्रश्न येतो, मुकादम काही बोलला का? बाई थांबते. मुकादमाकडे एकदा बघते. ‘‘कहलस... कहलस कि... देख लेब.’’

‘पाहीन’ असं भाषांतर केलं तर शब्दाला शब्द जुळतो, पण धमकी निघून जाते. ‘जिवे मारीन’ म्हटलं तर तिने न उच्चारलेला गुन्हा आरोपीवर चढतो. इथेही मराठी मदतीला येते. ‘बघून घेईन’ या दोन शब्दांत तितकीच धमकी आणि तितकीच संदिग्धता आहे.

आणि ते अडखळणं? माझ्या मते या कामात सगळ्यात अवघड तेच आहे. घाबरलेला माणूस सरळ बोलत नाही. अर्धं वाक्य सोडतो, मागे येतो, तोच शब्द दोनदा म्हणतो. दुभाष्याने ते नीटनेटकं करून सांगितलं तर साक्ष पढवल्यासारखी वाटते, आणि बचाव पक्षाचा वकील पुढे तेच म्हणतो. उलट दुभाष्याने ‘साहेब, त्या घाबरल्या आहेत’ असं जोडलं तर तो स्वतःच साक्षीदार झाला. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल शेरा लिहायचा अधिकार कलम 315 ने न्यायाधीशांना दिला आहे. दुभाष्याच्या हातात एवढंच आहे की ‘म्हणाला... म्हणाला की... बघून घेईन’ हे तसंच, त्याच खंडांसह पुढे द्यायचं. भीती झाकायची नाही आणि वाढवायचीही नाही. बाईबद्दल कणव वाटणाऱ्या माणसाला हे फार जड जातं.

मग उलटतपास सुरू होतो. बचावाचे वकील पोलिस जबाब काढतात. तो मराठीत आहे. ठाण्यात दुभाषी नव्हता, लिहून घेणाऱ्याने ‘हम’चं ‘आम्ही’ केलं होतं. ‘‘जबाबात ‘आम्ही पाहिले’ असं आहे. मग बाकीचे कोण?’’ बाई गोंधळते, कारण तिच्या मते ती तेव्हा जे बोलली तेच आजही बोलतेय. ही विसंगती तिच्या आठवणीतली नाही, भाषांतरातली आहे. दुभाष्याला ते त्या क्षणी लख्ख कळतं, पण वकिलांशी वाद घालायचा अधिकार त्याला नाही. तो परवानगी मागून इतकंच सांगू शकतो की भोजपुरीत ‘हम’ हा शब्द एका माणसासाठी वापरतात. त्याचं काय करायचं ते न्यायालय ठरवेल.

वकील शेवटी सुचवतात, ‘‘त्या रात्री तुम्ही शेडमध्ये नव्हताच, हे खरं ना?’’ ती म्हणते, ‘‘ना.’’ हे ‘ना, नव्हते’ आहे की ‘ना, हे खरं नाही’? एका अक्षरावर सगळी साक्ष उभी राहते किंवा कोसळते. ‘बाईंना तसं म्हणायचं नाही’ असं दुभाष्याने परस्पर सांगणं चूक, आणि आपल्या मनाने एक अर्थ निवडणं त्याहून मोठी चूक. तो थांबतो. उत्तराचे दोन अर्थ निघतात, असं न्यायाधीशांना सांगतो. न्यायाधीश प्रश्न सरळ करायला लावतात, ‘‘त्या रात्री तुम्ही कुठे होतात?’’ आता ती पहिल्यांदाच मान वर करून बोलते, ‘‘शेड में रहनी.’’

साक्ष संपली की कलम 313 प्रमाणे ती वाचून दाखवायची असते. नोंदीची भाषा साक्षीदाराला येत नसेल, तर तिच्या भाषेत समजावून सांगायची. दिवसभर खटले चाललेल्या खोलीत या पायरीला घाई होते. आरोपी थकलेला, वकील पुढच्या तारखेत गुंतलेले. पण निसटलेला शब्द पकडायची ही शेवटची जागा. दुभाषी टंकलिखित कागद हातात घेतो आणि मराठीचं पुन्हा भोजपुरी करत वाचू लागतो. पहिल्याच परिच्छेदात लघुलेखकाने हाताच्या सवयीने ‘आम्ही पाहिले’ असं टाइप केलंय. दुभाषी ते बदलत नाही. कागदावर आहे तसंच सांगतो, ‘‘हमनी देखनी.’’

बाई पदर सोडते आणि मान हलवते. ‘‘ना ना. हमनी ना. हम. हम अकेले रहनी.’’

न्यायाधीश कागद मागून घेतात, ‘आम्ही’ खोडतात, वर ‘मी’ लिहितात आणि बाजूला आद्याक्षरं करतात.