मशिनची फॅट, गर्बरची फॅट

दूध संकलन केंद्रावर एक वाद कायम ऐकू येतो. मशिनवर फॅट ३.९ लागली, तेच दूध संघाच्या प्रयोगशाळेत नेले तर ४ लागली. मग मशिन कमी दाखवते का? शेतकऱ्याला वाटते, दाखवते. सचिव म्हणतो, एवढा फरक पडायचाच. दोघांचेही म्हणणे खरे असू शकते, पण कोणाचे खरे हे एकेका आकड्यावरून ठरत नाही. ते ठरवण्याची एक सरळ रीत आहे.

आधी दोन्ही पद्धती पाहू. गर्बर पद्धत शंभर वर्षांहून जुनी. ब्युटिरोमीटर नावाच्या काचेच्या नळीत १० मिलिलीटर सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर १०.७५ मिलिलीटर दूध आणि १ मिलिलीटर अमाईल अल्कोहोल घालतात. ॲसिडमुळे प्रथिने विरघळतात आणि स्निग्धांश मोकळा होतो. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवली, की वर जमलेला फॅटचा थर नळीवरच्या खुणांवर वाचायचा. केंद्रावरचे अल्ट्रासोनिक मशिन यातले काही करत नाही. दुधातून ध्वनिलहरी सोडून त्यांच्या वर्तनावरून ते फॅटचा अंदाज बांधते, आणि मिनिटाच्या आसपास आकडा दाखवते. म्हणजे गर्बर फॅट वेगळी काढून मोजते, तर मशिन तिचा हिशेब लावते.

आता एकच कॅन घ्या, दूध नीट ढवळा आणि प्रत्येक पद्धतीने सहा वेळा तपासा. पुढचे सगळे आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत. गर्बरने आले ४.००, ४.१०, ४.०५, ४.०५, ४.१० आणि ४.००. सरासरी ४.०५. मशिनने आले ३.९६, ४.०२, ३.९८, ४.०१, ३.९५ आणि ४.०२. सरासरी ३.९९. फरक ०.०६ चा.

दूध तेच असूनही सहा आकडे सारखे आलेले नाहीत. मोजमापाचा हा विखुरलेपणा प्रमाण विचलनाने सांगतात. गर्बरचे प्रमाण विचलन ०.०४५ आणि मशिनचे ०.०३१ निघते, म्हणजे एकेका आकड्यात साधारण तीन-चार शतांशांची हालचाल नेहमीचीच. दोन्ही विचलने एकमेकांच्या जवळ आहेत, म्हणून ती एकत्र करून ०.०३८ धरता येतात.

सरासरी मात्र एकेका आकड्याइतकी हलत नाही. सहा आकड्यांची सरासरी घेतली की हालचाल सहाच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे अडीचपटीने कमी होते. पण आपण दोन सरासऱ्यांची वजाबाकी करतो आहोत आणि हालचाल दोन्हींत आहे, म्हणून ती पुन्हा दोनच्या वर्गमुळाने वाढते. हिशेबाअंती फरकातली अपेक्षित हालचाल ०.०२२ येते. मिळालेल्या ०.०६ ला तिने भागले की येतात २.७. हाच टी.

हा टी किती मोठा असला म्हणजे फरक खरा मानायचा, याचे कोष्टक असते. ते विल्यम गॉसेट याच्या कामातून आले. तो डब्लिनच्या गिनेस दारूभट्टीत नोकरीला होता, आणि हाताशी मोजकेच नमुने असताना निष्कर्ष कसा काढायचा हा त्याचा रोजचा प्रश्न होता. १९०८ साली त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने याचे उत्तर छापले. आपल्या सहा-सहा मोजण्यांसाठी कोष्टक सांगते २.२३. पद्धतींत काहीच फरक नसता, तर नुसत्या योगायोगाने टी याच्या पुढे शंभरात पाचच वेळा गेला असता. आपला २.७ पुढे गेला, तेव्हा फरक खरा मानायला आधार आहे. मात्र विखुरलेपणा दुप्पट असता तर हाच ०.०६ चा फरक १.३५ वर आला असता आणि काहीच सिद्ध झाले नसते.

इथे एक चूक हमखास होते. सहा मोजण्या म्हणजे सहा ब्युटिरोमीटर वेगवेगळे भरायला हवेत. एकच नळी सहा वेळा वाचली तर फक्त डोळ्याची चूक मोजली जाते. ॲसिडची, पिपेटची, फिरवण्याची नाही. विचलन खोटेच लहान येते आणि नसलेला फरक दिसू लागतो.

पण एका कॅनवरून सगळ्या दुधाचा निकाल लावता येत नाही. केंद्रावर गाईचे दूध येते तसे म्हशीचेही. म्हणून सहा शेतकऱ्यांचे दूध घेऊन प्रत्येकाचे दोन्हीकडे तपासले. गर्बरने ३.४, ३.९, ४.३, ६.२, ६.९, ७.७, मशिनने त्याच क्रमाने ३.३८, ३.८२, ४.२५, ६.११, ६.८६, ७.६२. सरासऱ्या ५.४० आणि ५.३४. फरक पुन्हा ०.०६.

आधीचीच रीत लावली तर टी येतो जेमतेम ०.०६. म्हणजे फरक नाहीच? तसे नाही. इथले प्रमाण विचलन १.७७ आहे, पण ते पद्धतींचे नाही. गाय आणि म्हैस यांच्यातले अंतर त्यात शिरले आहे. त्या गर्दीत ०.०६ कुठे दिसणार? उपाय सोपा आहे. आधी प्रत्येक दुधापुरती वजाबाकी करायची: ०.०२, ०.०८, ०.०५, ०.०९, ०.०४, ०.०८. गाय-म्हैस वजाबाकीतच निघून गेली. या सहा फरकांचे प्रमाण विचलन फक्त ०.०२८, आणि टी ५.३. सहा जोड्यांसाठी कोष्टकातला आकडा २.५७ आहे. तेच बारा आकडे, पण निकाल उलटा. जोडीने घेतलेले नमुने जोडीनेच तपासायचे असतात.

आता मशिनवाल्याला काय सांगायचे? नुसते ‘फरक सार्थ आहे’ म्हणून भागत नाही. किती, हे सांगावे लागते. याच हिशेबातून खरा फरक ०.०३ ते ०.०९ च्या दरम्यान असावा असा पट्टा मिळतो. रेटचार्टमध्ये दर फॅटच्या पॉइंटने, म्हणजे ०.१ ने बदलतो. पट्ट्याचे वरचे टोक पॉइंटच्या अगदी जवळ जाते, तेव्हा कॅलिब्रेशन करून घ्यायलाच हवे. थंड दुधात फॅट गोळा झाली असेल, दुधात हवेचे बुडबुडे असतील किंवा म्हशीच्या दुधाला गाईचे सेटिंग लावले असेल, तरीही मशिन चुकते. चाचणी फरक आहे एवढेच सांगते, कारण शोधावे लागते.

कॅलिब्रेशननंतर नवे नमुने घेऊन पुन्हा तपासणी होते, टी लहान येतो आणि सगळे म्हणतात, आता मशिन बरोबर आहे. इथेच सावध राहावे. दोन-तीनच नमुने तपासले, तर मोठा फरकसुद्धा सिद्ध होणार नाही. फरक सापडला नाही याचा अर्थ तो नाही असा होत नाही. म्हणून किती फरक चालेल हे तपासणीआधीच ठरवावे, समजा ०.०५. मग फरकाचा पूर्ण पट्टा उणे ०.०५ ते अधिक ०.०५ च्या आत बसेपर्यंत नमुने वाढवत न्यावेत. पट्टा आत बसला तरच मशिन गर्बरच्या जोडीला बसले, असे शेतकऱ्याला सांगता येते.