फ्रिज घरचा, नंबर दुकानाचा

दुकानदार महिनाभराची बिलं फोटो काढून अपलोड करतो आणि मोकळा होतो. अकाउंटंटला मात्र फोटोवरून एवढंच कळतं, की माल कोणाच्या नावावर आहे. तो कुठे गेला, हे कळत नाही. समजा, एका हार्डवेअरवाल्याने ईमेल लिहिला:

‘साहेब, २९,५०० चा फ्रिज घरी नेला आहे. दुकानदाराने सवयीने आमचा जीएसटी नंबर टाकला. पैसे दुकानाच्या खात्यातून गेलेत. लाइट बिल वडिलांच्या नावाचं आहे, पण मीटर दुकानाचा.’

फ्रिजच्या बिलात ४,५०० रुपये जीएसटी आहे. बिलावर नंबर असल्याने ती रक्कम जीएसटीआर-२बी मध्ये आपोआप उमटते, आणि खरी गफलत तिथेच होते. घरच्या वापराच्या वस्तूवर क्रेडिट मिळत नाही. त्यामुळे ते सोडावं लागतं आणि पूर्ण २९,५०० रुपये मालकाच्या उचल खात्यात जातात, खर्चात नाही. लाइट बिलाचं उलटं: नाव वडिलांचं असलं तरी वीज दुकानाने वापरली, म्हणून तो धंद्याचा खर्च.

मोबाइलचं बिल दोन्हीकडचं असतं. तिथे अंदाजे वाटणी आणि तिचं कारण, दोन्ही त्याच ईमेलमध्ये लिहावं.