‘पाचेक रुपये कमी करा’ म्हणजे नेमके किती?

भाजीवाल्याशी घासाघीस करताना आपण सहज म्हणतो, ‘पाचेक रुपये कमी करा.’ या बोलण्यात किती पैसे अडकलेले असतात?

मराठीत आकड्याला ‘एक’ जोडला की तो ढोबळ होतो: पाचेक, पन्नासेक, शंभरेक. ‘सत्त्याण्णवेक’ मात्र कुणी म्हणत नाही, कारण ढोबळ बोलायला सहसा गोल आकडाच लागतो. ‘दोन-चार’सारखी जोडी दोन टोके सांगते. त्यातले ‘चार’ गिऱ्हाईक ऐकते, तर ‘दोन’ विक्रेता.

खरा गोंधळ मात्र वेगळाच आहे. समजा, वांगी ८० रुपये किलो आहेत आणि तुम्हाला अर्धा किलो हवीत, म्हणजे ४० रुपयांची. तुम्ही ‘पाचेक कमी करा’ म्हणालात. विक्रेत्याने ते किलोच्या भावातून कमी केले, तर भाव ७५ आणि तुमचे साडेसदतीस रुपये होतात. एकूण रकमेतून कमी केले, तर ३५ होतात. शब्द तोच, फरक अडीच रुपयांचा. पाव किलो घेतलीत, तर तो पावणेचार रुपयांवर जातो.

म्हणून सूट ढोबळ मागा, पण पिशवी पुढे करण्याआधी एवढे विचारा: ‘एकूण किती द्यायचे?’