एकच कात्री, दोन तऱ्हा

मुलाच्या पायात खिळा घुसला की आपण धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी धावतो. या धनुर्वाताच्या जंतूचा एक भाऊबंद आहे. तो हवाबंद डब्यातल्या बिघडलेल्या अन्नात वाढतो आणि त्याच्या विषबाधेला बोट्युलिझम म्हणतात. एकात अंग धनुष्यासारखं ताठतं, दुसऱ्यात पापणीसुद्धा उचलवत नाही. आणि गंमत अशी, की दोन्ही विषं करतात एकच काम!

मज्जातंतूच्या टोकाशी निरोपाच्या रसायनाच्या चिमुकल्या पिशव्या असतात. त्या रित्या व्हायला काही प्रथिनं लागतात. त्यांपैकीच एखादं ही विषं कात्रीसारखं कापतात. धनुर्वाताचं विष आणि बोट्युलिझमचं ‘बी’ जातीचं विष तर नेमकी एकाच जागी कात्री चालवतात, हे १९९२ साली इटलीतल्या पादुआच्या संशोधकांनी दाखवलं.

मग फरक कशात? जागेत. बोट्युलिझमचं विष स्नायूपाशीच थांबतं. ‘आवळ’ हा निरोपच पोचत नाही, की स्नायू लुळा पडला. धनुर्वाताचं विष मात्र तंतूतून उलटं चढत मज्जारज्जूत जातं आणि ‘पुरे, आता सैल सोड’ म्हणणाऱ्या पेशींचं तोंड बंद करतं. लगामच सुटल्यावर स्नायू आवळतच राहणार!

म्हणून धनुर्वातात बहुधा आधी जबडा आखडतो, घासापुरतंही तोंड उघडत नाही. बोट्युलिझममध्ये एकाची दोन दिसू लागतात, गिळणं-बोलणं जड होतं. शुद्ध मात्र पूर्ण असते. दोन्हींत धोका श्वासाचा. प्रतिविष तातडीनं द्यायचं ते यासाठी, की एकदा तंतूत शिरलेल्या विषाला ते गाठू शकत नाही.