लोगोभोवतीची पांढरी कड

गडद निळ्या फ्लेक्सवर मंडळाचा भगवा लोगो, आणि लोगोभोवती खडूने गिरवल्यासारखी फिकट कड. गणपतीच्या दिवसांत असे फ्लेक्स चौकाचौकांत दिसतात. दोष बहुधा छपाईवाल्याच्या माथी मारला जातो. खरं तर ती कड छपाईच्या आधीच फाइलमध्ये असते. पांढऱ्या बॅकग्राउंडवरचा लोगो ज्या पद्धतीने कापला, त्या पद्धतीनेच ती मागे ठेवलेली असते.

लोगोची गोलाई चौकोनी पिक्सेलनी काढायची, तर कडेला पायऱ्या पडणारच. त्या डोळ्यांना खुपू नयेत म्हणून कॉम्प्युटर कडेच्या पिक्सेलमध्ये दोन्ही रंग मिसळतो. एखाद्या पिक्सेलचा अर्धा भाग लोगोने व्यापला असेल, तर त्याचा रंग अर्धा भगवा, अर्धा पांढरा. चित्र आठपट मोठं करून पाहा, भगव्या आणि पांढऱ्याच्या मधे फिकट केशरी पिक्सेलची एक-दोन पदरी रांग दिसेल. पांढऱ्यावर ती नजरेत येत नाही. निळ्यावर आली, की लगेच उघडी पडते.

मॅजिक वाँडने पांढऱ्यावर क्लिक करून डिलीट केलं, तर निखळ पांढरं तेवढं जातं आणि ही मिश्र रांग तशीच राहते. टॉलरन्स वाढवला तर रांगही जाते, पण मग पायऱ्या परत येतात. फेदर देऊन कड मऊ केली तरी पांढरा अंश हलत नाही, उलट पसरल्यासारखा दिसतो. कुठे कापायचं हा प्रश्नच इथे चुकीचा आहे. त्या पिक्सेलमधला भगवा ठेवायचा, पांढरा काढायचा आणि जेवढा पांढरा काढला तेवढी तिथे पारदर्शकता द्यायची, हे खरं काम.

ते आकड्यांत करता येतं. भगवा रंग लाल 255, हिरवा 153, निळा 51 असा धरू. पांढऱ्यात तिन्ही 255. दोन रंगांत सर्वाधिक फरक निळ्या आकड्यात आहे, 204 चा. आता कडेच्या पिक्सेलचा निळा आकडा 153 आला, तर तो पांढऱ्यापासून 102 ने दूर आहे. 204 पैकी 102, म्हणजे भगवा निम्मा. त्या पिक्सेलला पूर्ण भगवा रंग द्यायचा आणि तो 50 टक्के अपारदर्शक ठेवायचा. आकडा 204 असेल, तर भगवा पाव हिस्सा.

मोफत मिळणाऱ्या GIMP मध्ये हेच काम `Colors > Color to Alpha` करतं. रंग पांढरा निवडायचा. मात्र नुसतं तेवढ्यावर सोडलं, तर एक घोळ होतो. आपला लोगो भगवा आहे, हे प्रोग्रामला ठाऊक नसतं. लोगोच्या मधल्या भरीव भागातही त्याला काही पांढरं मिसळलेलं ‘दिसतं’ आणि तो सगळा भाग 80 टक्केच अपारदर्शक होतो. मग निळ्यावर ठेवताच भगवा मळकट दिसतो. एकाच चित्रावरून पिक्सेल मिश्र आहे की मुळातच फिकट, हे ठरवता येत नाही. ती माहिती आपणच पुरवावी लागते. `Opacity threshold` ची पट्टी 0.8 वर आणा, कारण 204 भागिले 255 म्हणजे 0.8. भरीव भाग भरीव राहतो आणि कडेचे पिक्सेल आपापल्या हिश्शाने पारदर्शक होतात. गडद मरूनसारख्या रंगाला, ज्यात एखादा आकडा शून्यावर येतो, ही पट्टी हलवावी लागत नाही.

लोगोत दोन-तीन रंग असतील, किंवा आत पांढरी अक्षरं असतील, तर हा उपाय सरसकट लावू नये. अक्षरांच्या जागी भोकं पडतील. आधी बाहेरचं पांढरं सिलेक्ट करायचं, `Select > Grow` ने ते 2 पिक्सेल आत सरकवायचं आणि मगच `Color to Alpha` तेवढ्याच पट्ट्यात चालवायचं. फोटोशॉपवाल्यांकडे `Layer > Matting > Remove White Matte` आहे. ते अर्धपारदर्शक पिक्सेलमधला पांढरा काढतं. कड पूर्ण अपारदर्शक ठेवून कापली असेल, तर त्याचा उपयोग नाही.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या जेपीईजीत आणखी एक त्रास. कॉम्प्रेशनमुळे लोगोच्या आजूबाजूचं पांढरं निखळ पांढरं नसतं, त्यात पुसट डाग असतात. `Transparency threshold` किंचित वाढवली की ते जातात. फार वाढवली तर कडेचे सर्वांत फिकट पिक्सेलही जातात आणि पायऱ्या पुन्हा डोकावतात.

तपासायला खाली एक काळा लेयर ठेवा, नंतर एक हिरवा. पांढऱ्या पडद्यावर पाहून पास केलेल्या फाइलवर मी तरी भरवसा ठेवत नाही. सेव्ह करताना पीएनजीच निवडा. जेपीईजीत पारदर्शकता नसते आणि जिफमध्ये पिक्सेल एक तर पूर्ण दिसतो, नाहीतर मुळीच नाही, त्यामुळे अर्ध्या कडेला तिथे जागाच नाही.

हे सगळं करायच्या आधी मंडळाच्या जुन्या डीटीपीवाल्याला एक फोन करावा. त्याच्याकडे कोरलड्रॉची मूळ फाइल सापडली, तर त्यात पिक्सेलच नसतात, आणि कापायलाही काही उरत नाही.